गेजवर पंधरा, थर्मामीटरवर एकशे सोळा

निरोप समारंभात शिक्षक सहसा पंख, भरारी, क्षितिज अशा गोष्टी बोलतात. मराठवाड्यातल्या एका फूड टेक्नॉलॉजी कॉलेजातल्या मॅडम बोलायला उठल्या, तेव्हा त्यांनी आधी खडू मागून घेतला आणि फळ्यावर दोन आकडे लिहिले. १५ आणि ११६. समोर बी.टेक.च्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली बसलेली. कुणी साडीत, कुणी मोठ्या भावाच्या कोटात. कॅम्पसच्या परीक्षा दोन दिवसांवर आलेल्या.

"अ‍ॅप्टीचं तुमचं तुम्ही बघा," मॅडम म्हणाल्या. "मी टेक्निकलचा एकच प्रश्न विचारते आणि खाली बसते. रिटॉर्टच्या प्रेशर गेजवर पंधरा दिसतंय आणि शेजारच्या थर्मामीटरवर एकशे सोळा. बॅच पुढे सोडायची की थांबवायची?"

भाषण जेमतेम पंधरा मिनिटांचं झालं. आपलं नाव छापू नका, असं त्यांनी बजावलंय, म्हणून इथे नुसतं 'मॅडम'. पण दुकानातून डबाबंद मटार किंवा नुसतं गरम करून खायची भाजी आणणाऱ्या कुणालाही उपयोगी पडावं असं त्या भाषणात बरंच होतं. कॉलेजच्या मुलांना अर्धं ठाऊक असतं, ते सोडून मॅडम पुढे गेल्या. इथे ते अर्धंही सांगायला हवं.

रिटॉर्ट म्हणजे जाड पोलादाचं, झाकण घट्ट आवळता येणारं मोठं भांडं. अन्न भरून, झाकण बसवून पूर्ण बंद केलेले डबे जाळीच्या पेट्यांत रचून आत ठेवायचे, दार बंद करायचं आणि आत वाफ सोडायची. साध्या उकळत्या पाण्याचं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि त्याबरोबर तापमानही चढतं. गेजवर १५ पौंडांचा दाब आला की निव्वळ वाफेचं तापमान १२१ अंश सेल्सिअस असतं. हे दोन आकडे जोडीने येतात. म्हणून फळ्यावर १५ च्या शेजारी १२१ ऐवजी ११६ बघून पुढच्या बाकावरच्या एक-दोघांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

मॅडमनी त्यांना लगेच बोलू दिलं नाही. त्यांनी आधी कोकणातल्या एका मुलाला उभं केलं. त्याचं इन-प्लांट ट्रेनिंग रत्नागिरीकडच्या आंबा कॅनिंगमध्ये झालेलं.

"तुमच्याकडे रिटॉर्ट होता का रे?"

"नाही मॅडम. रस गरम करून डब्यात भरायचे, सीमिंग करायचे आणि डबे उकळत्या पाण्यात सोडायचे."

"किती अंशांना भरायचे?"

"पंच्याऐंशीच्या वर, मॅडम."

"मग तो रस वर्षभर टिकतो आणि त्याच पद्धतीने भरलेली वाटाण्याची उसळ का टिकत नाही?"

मुलगा म्हणाला, "रसाचा पीएच कमी असतो." उत्तर बरोबर होतं, पण मॅडमचं समाधान झालं नाही. "कमी म्हणजे किती? आणि कमी असला की नेमकं काय होतं? मुलाखतीत समोरचा माणूस इथेच थांबणार आहे, आणि तुम्ही 'अ‍ॅसिडिक फूड मॅडम' म्हणून हसणार आहात."

पीएच हे आंबटपणाचं माप. आकडा जितका लहान तितका पदार्थ आंबट. लिंबाचा रस दोन-अडीचच्या आसपास, शुद्ध पाणी सात. हापूसचा रस साधारण चारच्या आगेमागे असतो. वाटाणा, मका, बटाटा, डाळी, मटण, मासे, दूध हे सगळे पाच ते सातच्या पट्ट्यात. डबाबंद अन्नाच्या धंद्यात या दोन गटांच्या मधे एक रेघ मारलेली आहे, ४.६ वर. रेघेच्या खालचं ते आंबट अन्न, त्याला उकळतं पाणी पुरतं. रेघेच्या वरचं अन्न हवाबंद करून कपाटात ठेवायचं असेल, तर रिटॉर्ट लागतो.

ही रेघ एका जिवाणूमुळे आली. त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. हा मातीत असतो, म्हणून मातीतून आलेल्या भाजीवर तो असणारच, असं धरून चालायचं. त्याला हवेतला ऑक्सिजन सोसत नाही. एरवी ही आपल्या फायद्याची गोष्ट. पण आपण डबा हवाबंद करतो तेव्हा त्याला हवं तसं घर बांधून देतो. परिस्थिती वाईट असली की तो बीजाणूच्या रूपात जातो. बीजाणू म्हणजे जाड कवचात झोपी गेलेला जिवाणू. तो तासभर उकळला तरी मरेलच याची खात्री नाही. डबा थंड झाला, आत आंबटपणा नसला आणि ओल असली, की हा जागा होतो, वाढतो आणि विष तयार करतो. या विषाने पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, घास गिळवत नाही, मग लकवा वरून खाली उतरत जातो आणि श्वासाचे स्नायू थांबले की माणूस जातो.

आंबट रसातही बीजाणू असू शकतो. पण ४.६ च्या खाली तो जागाच होत नाही. त्यामुळे त्याला मारायची गरज उरत नाही. रस आंबवणारे यीस्ट, बुरशी आणि साधे जिवाणू मारले की काम भागतं, आणि ते बिचारे शंभराच्या आतच मरतात. मॅडमनी इथे एक बारीक चिमटा काढला. हापूस फार पिकला की त्याची आंबटाई उतरते आणि पीएच वर सरकतो. सीझनच्या शेवटी मऊ पडलेल्या फळाचा रस काढणाऱ्याने 'आंबा आहे, आंबटच असणार' असं धरून चालू नये. प्रत्येक बॅचचा पीएच मीटरवर बघायचा, गरज पडली तर सायट्रिक अ‍ॅसिड घालून तो खाली आणायचा आणि आकडा वहीत लिहायचा. "मीटर सकाळी बफरला लावून तपासला होता का, हेही लिहायचं," असं म्हणून त्या उसळीकडे वळल्या.

उसळीच्या डब्यात बीजाणू मारावाच लागतो. तो किती वेळात मरतो, हे अमेरिकेत एस्टी आणि मेयर या दोघांनी १९२२ मध्ये मोजून प्रसिद्ध केलं. त्यांनी तब्बल साठ अब्ज बीजाणू घेऊन ते वेगवेगळ्या तापमानांना किती मिनिटं तग धरतात ते पाहिलं. आज धंद्यात वापरले जाणारे आकडे त्याच कामातून आणि त्यावर पुढे झालेल्या दुरुस्त्यांतून आले. १२१ अंशांना सुमारे ०.२१ मिनिटात, म्हणजे तेरा सेकंदांच्या आत, दहातले नऊ बीजाणू मरतात. पुढच्या तितक्याच वेळात उरलेल्यांतले दहातले नऊ. विद्यार्थी याला डी-व्हॅल्यू म्हणतात.

यातली मेख अशी की संख्या कधीच शून्य होत नाही, ती दहा-दहापटीने घटत जाते. म्हणून कुठेतरी 'आता पुरे' म्हणावं लागतं. ते बारा वेळांवर म्हणायचं, असं ठरलेलं आहे. बारा गुणिले ०.२१ म्हणजे अडीच मिनिटं, धंद्यात धरायची किमान तीन. प्रत्येक डब्यात एक बीजाणू होता असं धरलं, तर बारा वेळा दहापट घट झाल्यावर एक लाख कोटी डब्यांमागे एका डब्यात तो वाचलेला सापडेल. इतके डबे कोणत्याही कारखान्याच्या हयातीत निघत नाहीत. ही तीन मिनिटं डब्याच्या पत्र्यापाशी मोजून चालत नाही. ती डब्यातल्या सगळ्यात उशिरा तापणाऱ्या जागी मोजायची, घट्ट उसळीत ती साधारण मधोमध असते. तिथवर उष्णता पोचायला बराच वेळ जातो, म्हणून प्रत्यक्षात रिटॉर्ट तीन मिनिटांच्या कितीतरी पट जास्त वेळ चालवावा लागतो.

आता फळ्यावरचा प्रश्न. दाब १५, तर तापमान १२१ हवं. मग ११६ का?

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "एअर राहिलीय मॅडम."

मॅडम म्हणाल्या, "घरी कुकर लावतेस ना? आईने शिट्टी कधी ठेवायला सांगितलीय?"

"वाफ यायला लागल्यावर."

"का, ते आईला माहीत असेल-नसेल. पण ती बरोबर करते."

कुकरच्या नळीतून वाफेचा झोत आला की मगच शिट्टी बसवायची, ही प्रत्येक घरातली शिकवण आहे. तोवर आतली हवा बाहेर निघून गेलेली असते. शिट्टी आधीच ठेवली तर हवा आत अडकते. गेजला हवा आणि वाफ यांच्यातला फरक कळत नाही. दोघी मिळून जो दाब देतात तो गेज दाखवतो. तापमान मात्र त्यातल्या एकट्या वाफेच्या वाट्याच्या दाबावर ठरतं. म्हणून गेज पंधरा दाखवतो आणि थर्मामीटर एकशे सोळावर अडतो. दोघांपैकी खरं बोलतोय तो थर्मामीटर.

रिटॉर्टमध्ये हवा काढण्याला व्हेंटिंग म्हणतात. सुरुवातीला व्हेंटचा व्हॉल्व्ह सताड उघडा ठेवून वाफ जोरात सोडायची. ठरलेलं तापमान आणि ठरलेली मिनिटं दोन्ही झाली की मगच तो बंद करायचा. ती मिनिटं किती, हे प्रत्येक रिटॉर्टसाठी आणि आतल्या रचनेसाठी वेगळं काढलेलं असतं. त्यानंतरही ब्लीडर नावाची बारीक भोकं शेवटपर्यंत उघडी राहतात. त्यांतून वाफेची बारीक पिचकारी सतत सूं सूं करत बाहेर पडत असते. वाफेबरोबर आत येणारी उरलीसुरली हवा त्यातून निघून जाते आणि आतली वाफ फिरती राहते.

"आणि हेच ब्लीडर तुम्हाला कारखान्यात बंद केलेले दिसतील," मॅडम म्हणाल्या. बॉयलरचा खर्च डोळ्यांपुढे असलेल्या माणसाला ती पिचकारी म्हणजे वाया जाणारी वाफ वाटते. तो एक ब्लीडर पिळून बंद करतो. गेजवर काही फरक दिसत नाही. कुणाची तक्रार येत नाही. हवा मात्र डब्यांच्या रांगांमध्ये कुठेतरी साचून बसते आणि त्या कोपऱ्यातले डबे इतरांपेक्षा थंड राहतात. थर्मामीटर एकाच जागी बसवलेला असतो. तिथे ११६ असेल, तर त्या कोपऱ्यात किती असेल?

मग त्यांनी हिशेब मांडला. कोपऱ्यातला वाईट भाग सोडून दिला. उसळीच्या मध्यभागी तीन मिनिटं ११६ अंश मिळाले, इतकंच धरलं. तापताना आणि निवताना मिळणारी थोडी उष्णताही सोपेपणासाठी वगळली. या जिवाणूच्या बाबतीत नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की मारायचा वेग दहापट मंदावतो. १११ वर एक मिनिट हे १२१ वरच्या एक दशांश मिनिटाच्या बरोबरीचं. पाच अंशांनी उतरलं तर वेग साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो, नेमका ०.३१६. म्हणजे ११६ वरची तीन मिनिटं ही १२१ वरच्या ०.९५ मिनिटांच्या तोलाची. मुलं याला एफ-नॉट म्हणतात. हवा होता तीन, मिळाला एकाहूनही कमी.

०.९५ भागिले ०.२१ म्हणजे साडेचार. बारा वेळा दहापट घट व्हायला हवी होती, ती साडेचार वेळा झाली. डब्यात एक बीजाणू धरला तर एक लाख कोटींत एक वाचायचा, तो आता साधारण ३३ हजार डब्यांत एक वाचेल. दिवसाला तेवढे डबे काढणाऱ्या कारखान्यात रोज एक. सभागृहात कुजबुज सुरू झाली. मुलांनी ही सूत्रं परीक्षेत कितीदा सोडवली असतील, पण उत्तर रोज एक डबा असं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

एका मुलाने हात वर केला. "मॅडम, पण क्यूसीमध्ये सापडेल ना? इन्क्युबेशनला टाकतोच आपण."

हा भाषणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग. प्रत्येक बॅचमधले काही डबे ३५-३७ अंशांच्या उबदार खोलीत दोनेक आठवडे ठेवतात आणि फुगतात का, आंबतात का, ते बघतात. मॅडमनी विचारलं, किती डबे ठेवाल? मुलगा म्हणाला, पन्नास. "३३ हजारांतला तो एक तुझ्या पन्नासात यायची शक्यता हजारात दीड आहे. तू तो डबा शोधणार नाहीस, तो तुला सोडून कुणाच्या तरी घरी जाणार आहे." इन्क्युबेशन मोठी गडबड पकडतं; सील गळकं असेल, रिटॉर्ट लावायचाच राहिला असेल, तर डबे फुगून कळतं. थोडीशी कमी पडलेली उष्णता त्यात दिसत नाही. शिवाय हा जिवाणू दर वेळी डबा फुगवेलच असंही नाही. म्हणून त्या बॅचची एकच खरी साक्ष उरते, ती म्हणजे रिटॉर्टचा तापमानाचा आलेख आणि ऑपरेटरची वही. व्हेंट कधी बंद केला, थर्मामीटर काय म्हणत होता, ब्लीडर उघडे होते का.

अमेरिकेत १९७१ च्या उन्हाळ्यात नेमकं हेच झालं. न्यूयॉर्क राज्यातल्या एका जोडप्याने 'बॉन व्हिव्हां' कंपनीचं डबाबंद सूप उघडलं. बटाटा आणि कांद्याच्या जातीच्या लीक या भाजीचं हे सूप थंडच खायची पद्धत आहे. चव बरी लागली नाही म्हणून त्यांनी ते अर्धवट टाकलं. नवरा मरण पावला, बायकोला लकवा झाला. तपासणीत ३२४ डब्यांपैकी पाचांत विष निघालं. डब्यांना उष्णता पुरेशी मिळाली नव्हती. बोट्युलिनमचं विष उकळल्यावर नष्ट होतं, बीजाणू होत नाही. सूप गरम करून प्यायची रीत असती तर कदाचित दोघंही वाचली असती. कंपनीचं लवकरच दिवाळं वाजलं. १९७३ मध्ये अमेरिकेत कमी आंबट डबाबंद अन्नासाठी स्वतंत्र नियम आले, आणि त्यांत व्हेंटिंग, थर्मामीटर, नोंदी यांवर पानंच्या पानं आहेत. तिथेही तापमानाची अधिकृत साक्ष थर्मामीटरचीच धरली जाते.

मुलांना मॅडमनी शेवटी उत्तर लिहून दिलं, तेही परीक्षेच्या भाषेत. बॅच थांबवायची. ती वेगळी करून त्यावर 'होल्ड'चं लेबल लावायचं. व्हेंट आणि ब्लीडर तपासायचे. थर्मामीटरच बिघडलेला नाही ना, याची खात्री करायची. मग हे डबे पुन्हा पूर्ण प्रक्रियेतून काढायचे की नष्ट करायचे, हा निर्णय ज्याला प्रक्रियेचं शास्त्र कळतं अशा वरिष्ठाने घ्यायचा, शिफ्टमधल्या नव्या पोराने नाही. "दोन डबे फोडून बघितले, वास चांगला होता, असं उत्तर द्याल तर मी शिकवलेलं सांगू नका." सगळे हसले. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, बारीक पण खरी: गणित सुटलं तरी उत्तरापुढे मिनिटं की सेकंद, सेल्सिअस की फॅरनहाइट ते लिहा. जुन्या अमेरिकी पुस्तकांतली उदाहरणं २५० फॅरनहाइटवर असतात. ते १२१ सेल्सिअसच आहे, हे परीक्षेच्या घाईत भल्याभल्यांना आठवत नाही.

मग चहा आणि समोसे आले आणि फोटो सुरू झाले.

चहा घेताना मी मॅडमना विचारलं, घरच्या माणसाने यातलं काय करायचं? त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या, त्या तशाच देतो. मटार किंवा मक्याचे दाणे काचेच्या बरणीत भरून, पाण्यात उकळून कपाटात ठेवायचे घरगुती प्रयोग करू नयेत. त्यांची जागा फ्रीजरमध्ये. सोललेला लसूण तेलात बुडवून बाहेर ओट्यावर ठेवू नये, कारण तेलाखाली हवा नसते आणि लसूण मातीतून आलेला असतो; थोडा करावा, फ्रीजमध्ये ठेवावा आणि चार दिवसांत संपवावा. आणि डबा किंवा पाकीट फुगलेलं, गळलेलं किंवा शिवणीपाशी चेपलेलं दिसलं, तर चव घेऊन बघू नका. पैसे गेले म्हणा आणि तसंच बंद पिशवीत घालून टाकून द्या.